मिक्सरच्या पोटावरचं वाचूया

मुळशीतल्या आपल्या गावागावांत मिक्सर आहे, पंखा आहे. पण मिक्सर उलटा करून त्याच्या पोटावरची छोटी पट्टी कुणी वाचली आहे का? आज त्या पट्टीबद्दलच बोलूया.

मी घरगुती यंत्रं दुरुस्त करते. पौडजवळच्या एका बचत गटातल्या ताईंनी मला मोबाईलवर तीन फोटो पाठवले. गटाला मसाले करायचे होते आणि एक वापरलेला मिक्सर स्वस्तात मिळत होता. “७५० वॅटचा आहे, घेऊ का?” एवढाच त्यांचा प्रश्न.

पहिल्या फोटोत पट्टीवर फ्लॅशचा पांढरा ठिपका पडला होता, आकडे काही दिसेनात. मी म्हटलं, “ताई, प्लग काढा, भांडं उतरवा, मिक्सर टॉवेलवर आडवा करा. फ्लॅश बंद ठेवा. खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या आणि फोन पट्टीसमोर सरळ धरा.” दुसऱ्या वेळी पट्टी स्वच्छ आली.

पट्टीवर २३० व्होल्ट आणि ७५० वॅट होतं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ३० मिनिटे, ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद. घेणारा नेमकी हीच ओळ सोडून देतो. याचा अर्थ असा, की पाच मिनिटं चालवायचा, दोन मिनिटं थांबायचं, अशा सहा फेऱ्या. म्हणजे दळणाची तीस मिनिटं आणि मधल्या विश्रांतीची दहा. पुढे मोटर पूर्ण थंड होऊ द्यायची. घरच्या वाटणाला हे पुरे. पण गटाला सणाच्या आधी दिवसभर मिरची कुटायची होती. तसं चालवलं तर मोटरच्या तारेवरचं आवरण तापून जळतं. आधी जळका वास येतो, मग मोटर बसते. वॅट जास्त असले म्हणून ही विश्रांती चुकत नाही.

त्याच पट्टीवर आयएसआयची खूण होती. खुणेच्या वर आयएस ४२५० हा घरगुती मिक्सरच्या मानकाचा क्रमांक आणि खाली CM/L पुढे परवान्याचा आकडा. हा आकडा BIS Care अ‍ॅपमध्ये घातला की परवाना कुणाचा, कशासाठी आणि चालू आहे का ते कळतं. फोटोत ३ आणि ८, १ आणि ७ यांची गफलत होते, म्हणून फोटो मोठा करून एकेक आकडा वाचा. अ‍ॅपमधलं नाव मिक्सरवरच्या नावाशी जुळलं नाही, तर आधी आकडा पुन्हा तपासा. तरीही जुळत नसेल तर विकणाऱ्याला विचारा.

तिसऱ्या फोटोत अंगावर दोन रेघा होत्या. ताई घाबरल्या, “तडा गेलाय का?” प्लास्टिकचं अंग साच्यात घडतं. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उठते. ती सरळ असते, दोन्ही बाजूंना सारखीच असते आणि तिचा रंग बदलत नाही. पहिली रेघ तशीच होती, तिची काळजी नको. दुसरी मात्र खालच्या स्क्रूच्या भोकापासून निघून वाकडी वर गेली होती आणि तिच्या कडा पांढुरक्या होत्या. तो तडा. मिक्सर चालताना थरथरतो, तसा तडा वाढतो. ओल्या हातानं वापरताना त्यातून पाणी आत मोटरपर्यंत जातं आणि शॉकची भीती असते.

त्या ताईंनी तो मिक्सर घेतला नाही. रोजच्या मसाल्यासाठी सतत चालणारं, व्यवसायाचं यंत्र बघायचं ठरलं.

पंख्याची पट्टी मोटरच्या अंगावर असते. तिच्यावरचे वॅट वाचले की वीजबिल कळतं. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात. २८ वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढाच वेळ चालला, तर साधारण १० युनिट. पंखा हळू फिरू लागला तर बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. त्याच्यावर २.५ मायक्रोफॅरड असं काही लिहिलेलं असतं, नवा त्याच आकड्याचा लागतो. पण तो बटण बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून उघडायचं काम वायरमनवर सोडा.

एक लक्षात ठेवा, फोटोत कार्बन ब्रश झिजलाय की नाही ते दिसत नाही, बेअरिंगचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून जुना मिक्सर पैसे देण्याआधी अर्धा मिनिट रिकामा चालवून बघा. ठिणग्या जास्त दिसल्या, वास आला किंवा घरघर ऐकू आली, तर तो तिथेच ठेवून या.