जीएसटीचं अपील: तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

जीएसटीचा मागणी आदेश आपल्याविरुद्ध निघाला आहे, हे बऱ्याच व्यापाऱ्यांना कर खात्याकडून कळतच नाही. ते बँकेकडून कळतं. एखादा चेक परत येतो, चौकशीला गेल्यावर शाखेतला माणूस सांगतो की तुमच्या खात्यातून वसुली करण्यासाठी जीएसटी खात्याचं पत्र आलंय. मग सल्लागाराला फोन जातो, पोर्टल उघडलं जातं आणि चार महिन्यांपूर्वीचा आदेश तिथे शांतपणे पडलेला दिसतो. तोवर अपिलाची साधी मुदत तर संपलेली असतेच, कधीकधी वाढीव मुदतही हातची गेलेली असते.

हे घडतं त्याचं कारण कायद्यातच आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये आदेश बजावण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांत पोस्टाबरोबर आणि ई-मेलबरोबर ‘पोर्टलवर उपलब्ध करून देणं’ हीही एक रीत आहे. पाकीट दुकानात आलं नाही म्हणून आदेश मिळाला नाही, असं म्हणून सहज सुटता येत नाही. पूर्वी पोर्टलवर नोटिसांसाठी दोन वेगवेगळ्या जागा होत्या आणि ‘Additional Notices and Orders’ या दुसऱ्या जागेकडे अनेकांचं लक्षच जात नसे. मद्रास आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी अशा काही प्रकरणांत व्यापाऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी आदेश रद्द करून प्रकरणं परत पाठवली. पण तो दिलासा त्या त्या प्रकरणापुरता होता, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, जळगावात पीव्हीसी पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. 2020-21 सालासाठी दुकानदाराने घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट आणि पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांतून दिसणारं क्रेडिट यांत 8 लाख 40 हजारांचा फरक निघाला. नोटिसांना उत्तर गेलं नाही. त्या सालासाठी कलम 73 खाली आदेश काढण्याची शेवटची तारीख 28 फेब्रुवारी 2025 होती, त्यामुळे अशा आदेशांची शेवटच्या आठवड्यात रीघ लागली होती. आपल्या दुकानदाराचा आदेश 27 फेब्रुवारीला पोर्टलवर चढला. कर 8,40,000, चार वर्षांचं 18 टक्क्यांनी व्याज 6,04,800 आणि दहा टक्के दंड 84,000. एकूण मागणी 15 लाख 28 हजार 800.

कलम 107 म्हणतं की आदेश कळवल्यापासून तीन महिन्यांत अपील करा. इथे पहिली चूक होते. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, असा हिशेब बोटांवर केला जातो. कायद्याला अभिप्रेत असलेला महिना हा कॅलेंडरचा महिना आहे. 27 फेब्रुवारीला कळवलेल्या आदेशाची मुदत 27 मे रोजी संपते. नव्वद दिवस मोजले तर 28 मे ही तारीख येते, म्हणजे या उदाहरणात नव्वदचा हिशेब करणारा नेमका एक दिवस उशिरा पोचतो.

एक दिवसाचा उशीर माफ होऊ शकतो. योग्य कारण दाखवलं तर अपील अधिकारी आणखी एक महिना, म्हणजे या उदाहरणात 27 जूनपर्यंत, अपील स्वीकारू शकतात. पण तो त्यांच्या समाधानाचा प्रश्न आहे, व्यापाऱ्याचा हक्क नव्हे. उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं आणि त्याला पुरावा जोडावा लागतो. दवाखान्याचे कागद चालतात. ‘अकाउंटंट सोडून गेला’ एवढ्या एका ओळीवर भागेल अशी आशा न धरलेली बरी.

आणि 27 जूननंतर? अपील अधिकाऱ्याचे हात बांधलेले आहेत. कारण कितीही खरं असलं तरी एका महिन्यापलीकडचा उशीर माफ करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेलाच नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका प्रकरणात मुदत कायद्याचं कलम 5 इथेही लागू पडतं असा वेगळा सूर लावला होता. पण ग्लॅक्सो स्मिथक्लाइनच्या प्रकरणात, आंध्रच्या व्हॅट कायद्यासंदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं होतं की माफीयोग्य मुदतही उलटून गेल्यावर रिट याचिकेच्या आडवाटेने ती परत मिळवता येणार नाही. जळगावच्या दुकानदाराने कलकत्त्याच्या निकालावर भिस्त ठेवणं म्हणजे जुगार आहे. लोकांना असा फटका बसतो हे सरकारलाही दिसलं होतं. म्हणूनच नोव्हेंबर 2023 मध्ये, 31 मार्च 2023 पर्यंतच्या आदेशांसाठी, 31 जानेवारी 2024 पर्यंत अपील करण्याची खास सवलत देण्यात आली. ती खिडकी केव्हाच बंद झाली.

वसुलीचं घड्याळही याच तारखांना बांधलेलं आहे. आदेश बजावल्यापासून साधारणपणे तीन महिने खातं वसुलीला हात लावत नाही. अपील झालं आणि ठरलेली रक्कम भरली, की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच स्थगित झालेली मानली जाते, त्यासाठी वेगळा स्थगिती अर्ज लागत नाही. मात्र 27 मे उलटला आणि अपील माफीच्या महिन्यावर सोडलं, तर मधल्या काळात बँकेला पत्र जाऊ शकतं. म्हणून वाढीव महिना हा आहेच असं धरून चालू नये.

आता त्या ‘ठरलेल्या रकमेकडे’, म्हणजे प्री-डिपॉझिटकडे येऊ. दहा टक्के भरायचे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. कशाचे दहा टक्के, इथे गोंधळ होतो. एकूण मागणीचे दहा टक्के काढले तर आपल्या दुकानदाराला 1,52,880 रुपये भरावे लागतील असं वाटेल. ते चूक आहे. दहा टक्के फक्त वादातल्या कराचे. वादातलं व्याज आणि दंड या हिशेबात येत नाहीत. पण त्याच्या जोडीला, आपण जो भाग कबूल करतो तो कर, त्यावरचं व्याज आणि दंड पूर्ण भरावा लागतो.

दुकानदाराने वह्या काढून पाहिल्या तर फरकाचे दोन तुकडे दिसले. 7 लाखांचं क्रेडिट खऱ्या खरेदीचं होतं, पुरवठादारांनी विवरणपत्रं उशिरा भरल्यामुळे ते पुढच्या सालात दिसत होतं. उरलेल्या 1,40,000 मध्ये मात्र तीच बिलं दोनदा नोंदवलेली निघाली. ही चूक कबूल केली तर कर 1,40,000, व्याज 1,00,800 आणि दंड 14,000 मिळून 2,54,800 पूर्ण भरायचे. वादातल्या 7 लाखांचे दहा टक्के 70,000. एकूण 3,24,800.

सगळंच वादात आहे असं लिहिलं तर फक्त 84,000 भरून अपील होतं, आणि असा सल्ला देणारेही भेटतात. पण दोनदा नोंदवलेल्या बिलांवर अपिलात काहीच बोलता येत नाही, त्यावरचं 18 टक्क्यांचं व्याज मात्र रोज वाढत राहतं. शिवाय एक खोटा मुद्दा सापडला की अधिकारी उरलेल्या खऱ्या मुद्द्यांकडेही संशयाने पाहतात. जे चुकलंय ते कबूल करून बाकीच्यासाठी भांडणं हाच शहाणपणाचा मार्ग.

वादातल्या कराचे दहा टक्के रोखच भरायला हवेत असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ओॲसिस रिअल्टीच्या प्रकरणात ते इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमधून भरू दिले. गुजरात उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं, आणि त्याविरुद्धची खात्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये फेटाळली. भांडवल अडकण्याची चिंता असलेल्या छोट्या दुकानदाराला हा मोठा आधार आहे. कबूल केलेलं व्याज आणि दंड मात्र रोख लेजरमधूनच जातात. अपील जिंकलं तर भरलेलं प्री-डिपॉझिट, भरल्या दिवसापासूनच्या व्याजासह, परत मिळतं.

दोन प्रकारचे आदेश या हिशेबाबाहेर आहेत. वाटेत अडवलेल्या मालाच्या गाडीबाबत कलम 129 खाली दंड झाला असेल तर त्या दंडाचे 25 टक्के भरावे लागतात. आणि ज्या आदेशात कर नाही, नुसता दंड आहे, त्यात ऑक्टोबर 2025 पासून दंडाचे दहा टक्के लागतात. वीस कोटींची कमाल मर्यादाही आहे, पण ती जळगावच्या पाइपवाल्याच्या कामाची नाही.

अपिलाचा अर्ज `APL-01` या फॉर्ममध्ये पोर्टलवरच भरायचा. `Services` मधून `User Services`, तिथून `My Applications` आणि मग `Appeal to Appellate Authority`. आदेशाचा क्रमांक `DRC-07` वर असतो. फॉर्ममध्ये कबूल आणि वादातल्या रकमांचे रकाने वेगवेगळे आहेत, वर केलेला सगळा हिशेब तिथे उतरतो. त्याबरोबर हकीकत, अपिलाची कारणं आणि मागणी लिहिलेलं जोडपत्र आणि कागदपत्रं जोडायची, मग डिजिटल सहीने किंवा ओटीपीने अर्ज पक्का करायचा. पहिल्या अपिलाला फी नाही.

अर्ज गेला की तात्पुरती पोच मिळते. आदेश पोर्टलवर असेल तर त्याच पोचेची तारीख अपिलाची तारीख धरली जाते. आदेश पोर्टलवर नसेल, फक्त कागदावर मिळाला असेल, तर त्याची स्वतः साक्षांकित प्रत सात दिवसांत अपील कार्यालयात द्यावी लागते. ती उशिरा दिली तर प्रत दिल्याचा दिवसच अपिलाचा दिवस ठरतो आणि मुदतीत केलेलं अपील मुदतीबाहेर जाऊ शकतं. अंतिम पोच `APL-02` मध्ये येते. ती आल्यावरच अपील दाखल झालं असं मानलं जातं. ती आली का, हे पाहायला अनेकजण विसरतात.

पुराव्याचं पहिल्याच अर्जात नीट पाहावं. अपील अधिकारी आदेश कायम ठेवू शकतात, बदलू शकतात किंवा रद्द करू शकतात, पण प्रकरण खालच्या अधिकाऱ्याकडे परत पाठवू शकत नाहीत. खाली न दाखवलेला नवा पुरावाही सहज घेतला जात नाही, तो आधी का देता आला नाही हे पटवावं लागतं. आपल्या दुकानदाराने तर नोटिसांना उत्तरच दिलं नव्हतं. त्यामुळे त्याने बिलं, ई-वे बिलं, बँकेतून पुरवठादाराला गेलेले पैसे आणि तेच व्यवहार पुढच्या सालच्या विवरणपत्रात दिसत असल्याचा तक्ता जोडताना, हे आधी न देण्यामागचं कारणही स्वतंत्र परिच्छेदात लिहायला हवं. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तारखा वाढवून मिळत नाहीत.

तिथेही हरला, तर पुढची पायरी जीएसटी अपील न्यायाधिकरणाची. कायदा 2017 चा, पण या न्यायाधिकरणाचं उद्घाटन 24 सप्टेंबर 2025 ला झालं. आठ वर्षं व्यापाऱ्यांना एवढ्यासाठी थेट उच्च न्यायालयात जावं लागत होतं किंवा नुसतं थांबावं लागत होतं. तिथला फॉर्म `APL-05`, मुदत पुन्हा तीन महिने, आणि उशिराची माफी इथे तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते. वादातल्या कराचे आणखी दहा टक्के भरायचे, म्हणजे आपल्या दुकानदाराला आणखी 70,000. ज्यांचे पहिल्या अपिलाचे निकाल 1 एप्रिल 2026 पूर्वी हाती आले, त्यांच्यासाठी सप्टेंबर 2025 च्या अधिसूचनेने 30 जून 2026 ही शेवटची तारीख ठरवून दिली.