बीपनंतरचं एक मिनिट

पुण्यातल्या सीएंच्या ऑफिसांत जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी साडेसहानंतर एक वेगळं काम सुरू होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. न्यू जर्सीतल्या, बोस्टनकडच्या मराठी अशिलांना फोन लावायची हीच वेळ. इथे भाड्याने दिलेला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, त्याचं भारतातलं रिटर्न ही कामं पुण्यातून चालतात. फोन वाजतो, चार-पाच रिंग जातात आणि पलीकडून माणसाऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज येतो: बीपनंतर निरोप ठेवा.

भारतात आपण इथे फोन ठेवून देतो. व्हॉइसमेल आपल्या अंगवळणी पडलाच नाही. मिस्ड कॉल दिसला की माणूस उलट फोन करतो, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. अमेरिकेत मात्र अनोळखी नंबर न उचलता निरोपाची वाट पाहणं ही रूढ पद्धत आहे, आणि फोनच तिला मदत करतात. आयफोनमध्ये २०१९ पासून अशी सोय आहे की कॉन्टॅक्टमध्ये नसलेला नंबर वाजतच नाही, थेट व्हॉइसमेलवर जातो. निरोप ठेवला नाही, तर तिकडच्या माणसाच्या लेखी तो फोन बहुधा जाहिरातीचा होता.

समजा, रिटर्न २० जुलैला भरून झालंय. आता अशिलाने स्वतः ते व्हेरिफाय करायचं आहे. त्यासाठी भरल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. मुदत उलटल्यावर व्हेरिफाय केलं तर तीच तारीख रिटर्न भरल्याची धरली जाते. म्हणजे वेळेवर भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरून शुल्क लागू शकतं. आधारचा ओटीपी अशिलाच्या भारतातल्या नंबरवर येतो आणि ते सिमकार्ड बहुतेक वेळा डोंबिवलीत आईच्या कपाटात असतं. म्हणून नेटबँकिंगमधून व्हेरिफाय करणं सोयीचं. करायला थोडीच मिनिटं लागतात, पण ते अशिलालाच करावं लागतं. अशा वेळी सर्रास ठेवला जाणारा निरोप असा असतो (यातली नावं काल्पनिक):

‘हॅलो... हॅलो? देशपांडे सर? अहो, मी जोशी बोलतेय. मघाशीपण लावला होता फोन, तुम्ही उचलला नाहीत. ते तुमचं फ्लॅटचं भाडं साडेचार लाख दाखवलंय ना, ते रिटर्न भरलंय, पण व्हेरिफाय व्हायचं राहिलंय. नाही केलं तर दंड बसेल बरं का. ओटीपी आला तर मला कळवा. उद्यापर्यंत करून टाकू या. लगेच फोन करा. ठेवते.’

प्रेमाने ठेवलेला निरोप आहे, पण तो ऐकून देशपांड्यांनी करायचं काय? कोणत्या जोशी, कोणत्या नंबरवर, अमेरिकेतले किती वाजता, हे काहीच त्यात नाही. जे नको ते मात्र सगळं आहे. भाड्याचा आकडा आहे, आणि हा निरोप गाडीच्या स्पीकरवर शेजारी बसलेल्या सहकाऱ्यासमोरही वाजू शकतो. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देणं हे १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. फोनच्या पलीकडे कोण ऐकतंय हे आपल्याला दिसत नसल्याने आकडा, पॅन, मालमत्ता यांतलं काहीच निरोपात घेऊ नये. अमेरिकेत कर्जवसुली करणाऱ्यांसाठी २०२१ च्या अखेरीस लागू झालेल्या नियमांनी तर व्हॉइसमेलमध्ये किमान काय असावं हे ठरवून दिलंय. कर्जवसुलीचा सुगावा न देणारं व्यवसायाचं नाव, उलट संपर्काची विनंती, कोणाशी बोलायचं ते नाव आणि नंबर. एवढ्यावर थांबलं, तर तिसऱ्याने ऐकलं तरी कर्जाची बातमी फुटत नाही. आपल्या सीएला हा नियम लागू नाही, पण उसना घ्यावा असा आहे.

या निरोपातली सगळ्यांत घातक वाक्यं म्हणजे दंडाची धमकी, ओटीपीची मागणी आणि ‘लगेच’. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तिथून अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून लोकांना फोन जायचे. कर थकलाय, आत्ताच भरा, नाहीतर अटक होईल, असं सांगितलं जायचं. त्या प्रकाराने अमेरिकेत राहणाऱ्यांचे कान तिखट झालेत, आपल्या माणसांचेही. भारतातला नंबर, कराचा विषय, दंड, ओटीपी आणि घाई एकत्र आली की खऱ्या जोशीबाईंचा निरोपसुद्धा खोटा वाटतो आणि पुसला जातो. म्हणून निरोपात भीती घालायची नाही आणि ओटीपी कधीच मागायचा नाही. शक्य तर उलट फोन करायलाही लावायचं नाही.

हे शेवटचं जरा विचित्र वाटेल, पण खरं कौशल्य इथेच आहे. ‘फोन करा’ म्हटलं की दोन माणसांच्या मोकळ्या वेळा जुळाव्या लागतात, आणि मध्ये साडेनऊ तासांचं अंतर असतं. अशिलाने फोन करेपर्यंत ऑफिस बंद, ऑफिसने केला तर तो मीटिंगमध्ये. त्याऐवजी निरोपात असं एकच काम सांगावं, जे त्याला आपल्याशी न बोलता पुरं करता येईल. तपशील मेलमध्ये, आणि निरोप फक्त त्या मेलपर्यंत नेणारा. तोच निरोप मग असा होतो:

‘हॅलो मिस्टर देशपांडे, धिस इज अनघा जोशी फ्रॉम पुणे. नमस्कार सर, तुमचं आमच्याकडचं काम झालंय. आता तुमच्या बाजूची एक छोटी पायरी उरली आहे. ती कशी करायची, ते आज मेलने कळवलंय. मेलचा विषय आहे: शेवटची पायरी. कृपया शुक्रवार, चौदा ऑगस्टपर्यंत ती करून मेलवर “झालं” एवढं कळवा. फोन करायची गरज नाही. काही अडलं तर आमचा ऑफिसचा नंबर तुमच्याकडे आहेच, तरी सांगते: (नंबर). पुन्हा सांगते: (नंबर). अनघा जोशी, पुणे. धन्यवाद.’

सावकाश बोललं तरी हा निरोप साधारण मिनिटभरात संपतो. त्याहून लांब झाला, तर बहुधा त्यात कारणं शिरलेली असतात. कारणांची जागा मेलमध्ये आहे.

सुरुवातीचं इंग्रजी वाक्य कोणाला खटकेल. मराठी माणसाशी मराठीतच बोलावं हे खरं, पण तिकडे बरेच लोक निरोप ऐकतच नाहीत, स्क्रीनवर वाचतात. २०२३ पासून अमेरिकेतल्या आयफोनवर तर निरोप बोलला जात असतानाच त्याचे शब्द इंग्रजीत उमटू लागतात आणि ते वाचून माणूस मध्येच फोन उचलू शकतो. इंग्रजीची अपेक्षा धरणाऱ्या त्या यंत्रणेला मराठी दिलं की अगम्य शब्दांची रांग दिसते. पहिल्या वाक्यात नाव आणि गाव स्वच्छ उमटलं, की पुढचं तो कानाने ऐकतो. काही अशील ‘सीए’ हा शब्दही निरोपात नको म्हणतात. त्यांच्यासाठी नाव आणि गाव पुरतं, म्हणून वरच्या निरोपात तो घेतलेला नाही.

तारखेसोबत वार का, हेही लक्षात घ्यावं. पुण्यात मंगळवारी सकाळी आठला ठेवलेला निरोप न्यू जर्सीत सोमवारी रात्री साडेदहाला पोचतो आणि बहुधा मंगळवारी ऐकला जातो. त्यातलं ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस? नुसती आकड्यांतली तारीखही धोक्याची, कारण अमेरिकेत महिना आधी बोलतात. ‘सात-आठ’ आपल्याला सात ऑगस्ट, त्यांना आठ जुलै. वेळ सांगायची झालीच तर त्यांच्या घड्याळाची सांगावी, ‘तुमच्या सकाळी नऊ ते दहा’ अशी. मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेदहा तासांचं होतं. तेव्हा पुण्याची साडेसहा ही तिकडची आठ होते, मुलांना शाळेत सोडायच्या गडबडीची.

नंबर सांगताना आपण फार चुकतो. आपण दहा आकडे पाच-पाच करून भरभर म्हणतो, अमेरिकी कानाला तीन-तीन-चार अशी सवय असते. शिवाय जोड्यांनी बोललं की ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत तिथे वाढलेली मुलं हमखास अडखळतात, आणि घरच्या फोनवरचा निरोप कधी तीच टिपून ठेवतात. एकेक आकडा सुटा म्हणावा, पाच आकड्यांनंतर श्वास घ्यावा, आणि कागदावर बोटाने लिहीत बोलावं. त्याने वेग आपोआप ऐकणाऱ्याच्या पेनाइतका होतो. ऑफिसचा लँडलाइन असेल तर ‘शून्य दोन शून्य’ म्हणू नये. बाहेरून लावताना तो पहिला शून्य गळतो, ‘प्लस नऊ एक, दोन शून्य’ असं म्हणावं लागतं.

आणि ‘नंबर तुमच्याकडे आहेच’ हे वाक्य सजावटीचं नाही. संशय आलेल्या अशिलाला निरोपातल्या नंबरवर विश्वास ठेवावा लागू नये, जुन्या पत्रावरच्या नंबराशी तो पडताळता यावा, यासाठी ते आहे. मेलमध्येही लिंक देऊ नये. ‘नेहमीप्रमाणे तुमच्या बँकेच्या नेटबँकिंगमधून आयकराच्या पोर्टलवर जा’ असं लिहून पायऱ्या सांगाव्यात. काम हाती घेतानाच अशिलाला ऑफिसचा नंबर कॉन्टॅक्टमध्ये घालायला सांगितलं, तर अर्ध्या वेळा व्हॉइसमेलची गरजच पडणार नाही.

चौदा तारीख उलटली आणि ‘झालं’ आलं नाही, तर दुसरा निरोप पहिल्याहून लहान हवा: ‘नमस्कार सर, अनघा जोशी, पुणे. शेवटच्या पायरीचा मेल आज पुन्हा पाठवलाय. बुधवार, एकोणीस ऑगस्टच्या आत ती व्हायला हवी. अडचण असेल तर मेलवर फक्त “अडलं” लिहा, तुमच्या सकाळी नऊला मीच फोन करते.’ तिसरा निरोप मात्र ठेवू नये. त्याऐवजी अशिलाने काम देताना आणखी कोणाचा नंबर संपर्कासाठी लिहून दिला असेल, तर तिथे फोन करून ‘सरांना मेल बघायला सांगाल का’ एवढंच विचारावं आणि कधी, कोणाशी बोलणं झालं ते फाइलवर टिपून ठेवावं.