डबा पाच रुपयांनी महागतो तेव्हा

पुण्यात नोकरदारांना जेवण पुरवणारी एखादी घरगुती खानावळ घ्या. रोज ६० डबे जातात आणि डब्याचा दर ८० रुपये आहे. जुलैपासून तो ८५ करायचा आहे. गिऱ्हाईक जुनं, त्यामुळे ईमेल लिहिताना हात अडखळतो आणि सगळा दोष तेलाच्या माथी मारला जातो. ‘तेलाचे भाव गगनाला भिडल्याने नाइलाजास्तव...’

हिशेब तिथेच उघडा पडतो. ६० डब्यांना रोज दोन किलो तेल लागत असेल आणि ते किलोमागे ३० रुपयांनी महागलं असेल, तर डब्यामागे वाढ एका रुपयाची. घरात तेल आणणाऱ्याला हे कळतं आणि उरलेले चार रुपये त्याला खटकतात. खरं कारण बहुधा मजुरीचं असतं. पोळ्या लाटणाऱ्या बाई पोळीमागे दोनऐवजी अडीच रुपये घेऊ लागल्या की चार पोळ्यांच्या डब्यावर दोन रुपये वाढले. डबे पोचवणाऱ्या मुलांचा पगार रोज मिळून १२० रुपयांनी वाढला की आणखी दोन. आता पाचाचा मेळ बसतो. बाईंची मजुरी वाढली हे सांगायला मालक उगाच कचरतात. तेलापेक्षा हे कारण लोक लवकर मान्य करतात, असं मला वाटतं.

पत्रात आकडा विषयाच्या ओळीतच हवा. चार परिच्छेद आभार मानून शेवटी दर सांगितला, तर आभारही खोटे वाटतात. साधारण असं लिहावं:

विषय: १ जुलैपासून डबा ८५ रुपये

नमस्कार,
१ जुलैपासून डब्याचा दर ८० ऐवजी ८५ रुपये होईल. महिन्याच्या २६ डब्यांना १३० रुपये जास्त. पोळ्यांची मजुरी, पोचवणाऱ्या मुलांचे पगार आणि तेल, तिन्ही वाढलं आहे. चार पोळ्या, भाजी, आमटी-भात आहे तसंच राहील. आगाऊ पैसे भरलेले असतील, तर ते डबे संपेपर्यंत जुनाच दर; खाडेही त्याच दराने पुढे धरू. वर्षाहून जुन्या सभासदांना सप्टेंबरअखेरपर्यंत ८० रुपयेच. काही अडचण असल्यास फोन करा.

हे पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं, बिलासोबत नव्हे. सगळ्यांना एकत्र पाठवताना पत्ते Bcc मध्ये टाकावेत, नाहीतर साठ जणांचे पत्ते एकमेकांना दिसतात आणि एकाची तक्रार सगळ्यांच्या डब्यात पोचते.

त्याच महिन्यात ‘नव्या ग्राहकांना पहिला महिना ७५ रुपये’ अशी पाटी लावली, तर मात्र जुनी माणसं दुखावतात. वाटीतली भाजी गुपचूप कमी केली, तर तेही आठवड्याभरात कळतं: डबे पुसून-चाटून परत येतात आणि ‘जास्तीच्या दोन पोळ्या मिळतील का’ असे फोन सुरू होतात.