चाळीतला कांदा आणि सिनॉप्सिसचं पहिलं पान

उन्हाळ कांदा चाळीत भरतात एप्रिल-मेमध्ये. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे गट ठरतात जुलै-ऑगस्टमध्ये. हार्डवेअर सुरळीत चालू लागतं ते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तोवर बहुतेक चाळी रिकाम्या झालेल्या असतात. नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यात ‘स्मार्ट कांदा चाळ’ हा प्रोजेक्ट घेणारे गट बरेच. पण सिनॉप्सिस लिहिताना या तीन तारखा शेजारी ठेवून पाहणारे थोडेच. ‘कांद्याची सड ३० टक्क्यांनी कमी करणे’ असं उद्दिष्ट ते बिनधास्त लिहून देतात. ते मोजायचं कधी आणि कशावर, हा प्रश्न मार्चमध्ये ब्लॅक बुक बाइंडिंगला जाताना पडतो.

प्रॉब्लेम स्टेटमेंट साधारणपणे असं असतं: ‘शेतकऱ्यांच्या कांद्याचे साठवणुकीत होणारे नुकसान टाळण्यासाठी आयओटी आधारित स्मार्ट साठवणूक प्रणाली विकसित करणे.’ वाचायला भारदस्त आहे, रिव्ह्यूत पासही होतं. पण यात अडचण सांगितलेली नाही, तिचं उत्तर आधीच ठरवून टाकलेलं आहे. कोणता कांदा, कुठली चाळ, कुठल्या महिन्यात, कसलं नुकसान आणि ते आज शेतकऱ्याला कसं कळतं, यातलं काहीच त्या वाक्यात सापडत नाही. ‘आयओटी’ हा शब्द काढला तर मागे उरतं ते इतकंच, की कांदा खराब होतो.

अशाच एका काल्पनिक गटाचं उदाहरण घेऊ. चौघे विद्यार्थी आहेत, कॉलेज निफाडपासून फार लांब नाही, आणि ऑगस्ट चालू आहे. एका विद्यार्थ्याच्या काकांची २५ टनांची चाळ आहे. सिनॉप्सिस टाइप करण्याआधी चौघे तिथे गेले, तर त्यांना दिसतं की जमिनीपासून उचललेल्या तळावर, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधून वारा खेळेल अशा बेताने कांद्याचा थर लावलेला आहे. वरचे कांदे ठणठणीत आहेत. सड असते मधल्या थरात. ती कळते वास सुटल्यावर किंवा खालून पाणी गळायला लागल्यावर, आणि तोवर शेजारच्या कांद्यांनाही लागण झालेली असते. मग मजूर लावून थर उपसायचा आणि निवड करायची.

‘पंखा लावू का, काका?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘पोरांनो, बाहेरचीच हवा ओली आहे, ती आत ढकलून काय करणार?’

या एका उत्तराने निम्मा प्रोजेक्ट बदलतो. साध्या चाळीत कांदा टिकण्यासाठी साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली मानली जाते. म्हणून पोरं कोडमध्ये लिहितात, ‘आर्द्रता ७०च्या वर गेली की पंखा सुरू’. पण पावसाळी रात्री बाहेरची आर्द्रता ९०च्याही पुढे जाते. अशा वेळी पंखा चालला तर चाळ कोरडी होण्याऐवजी आणखी ओली होते. म्हणजे या गटाने पंख्याचा नाद सोडावा हे उत्तम. आत डोकावता येत नसेल तेव्हा सड लवकर कशी ओळखायची, एवढीच अडचण हातात घेतली तरी वर्ष पुरून उरतं.

तरीही ‘नुकसान’ म्हणजे काय हे ठरवावं लागतं, कारण चाळीतल्या कांद्याची तूट एका कारणाने होत नाही. पाणी उडून वजन घटतं, कोंब येतात आणि सड होते. समजा ५ किलोच्या जाळीदार पिशवीचं वजन महिन्याभराने ४.६२ किलो भरलं आणि त्यातले २१० ग्रॅम कांदे सडलेले निघाले. ३८० ग्रॅम वजन आपोआप गेलं आणि २१० ग्रॅम निवडून फेकले, म्हणजे एकूण ५९० ग्रॅमची, ११.८ टक्के तूट झाली. त्यात निवडून काढलेल्या सडीचा वाटा फक्त ४.२ टक्के. वासावरून इशारा देणारं यंत्र पाणी उडणं थांबवू शकत नाही. त्यामुळे ‘साठवणुकीतील नुकसान कमी करणे’ असं लिहिणारा गट ज्याच्यावर आपला काही ताबा नाही अशा मोठ्या आकड्याची जबाबदारी डोक्यावर घेतो.

आता मोजणीच्या जागेकडे वळू. ऑगस्टमध्ये भरलेल्या चाळीच्या मध्यभागी सेन्सर खुपसता येत नाही. खुपसायला गेलं तर कांदे खरचटतात आणि खरचटलेला कांदा आधी सडतो. काका दुसऱ्यांदा फाटकातही घेणार नाहीत. पट्ट्यांमधून हात पोचतो तेवढ्याच जागी नोंद घेता येते. यावर व्यवहार्य मार्ग असा, की चाळीत ऑगस्ट ते ऑक्टोबर फक्त तापमान-आर्द्रतेची नोंद करायची आणि सड ओळखण्याची चाचणी कॉलेजमध्ये प्लॅस्टिकच्या क्रेटवर घ्यायची. सडका कांदा बाजारात बारा महिने फुकट मिळतो, त्यामुळे फेब्रुवारीतही प्रयोग अडत नाही.

एवढी पायपीट झाल्यावर प्रॉब्लेम स्टेटमेंट साधारण असं उतरतं: ‘निफाड परिसरातील नैसर्गिक वायुविजनाच्या २५ टनी चाळीत, पावसाळ्यात मधल्या थरात सुरू झालेली सड शेतकऱ्याला वास किंवा गळती जाणवेपर्यंत कळत नाही; तोपर्यंत ती शेजारच्या कांद्यांत पसरते आणि पूर्ण थर उपसून निवड करावी लागते. थर न हलवता सड सुरू झाल्याचे ओळखण्याची, शेतकऱ्याच्या आवाक्यातली सोय या चाळीत नाही.’ यात सेन्सरचं नाव नाही, मोबाइल ॲपचं नाही, क्लाउडचंही नाही. उद्या गटाने वायूचा सेन्सर सोडून दुसरा मार्ग धरला, तरी हे वाक्य बदलावं लागणार नाही.

उद्दिष्टांच्या बाबतीत पहिला गोंधळ कामांच्या यादीचा असतो. गाइड पाच ऑब्जेक्टिव्ह मागतात, आणि मुलं पाच ओळी भरतात: साहित्याचा अभ्यास करणे, सर्किट बनवणे, कोड लिहिणे, ॲप तयार करणे, चाचणी घेणे. ही झाली कामं. सर्किट बनलं की ओळ पूर्ण होते, मग ते सर्किट सड ओळखो की न ओळखो. उद्दिष्टात काम पूर्ण झाल्यावर काय खरं ठरलं पाहिजे ते लिहावं लागतं, आणि ते कशाने मोजणार हेही. जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या लेखातून ‘स्मार्ट’ उद्दिष्टांची कल्पना आली. आज ती प्रत्येक कॉलेजच्या टेम्प्लेटमध्ये आहे. पण टेम्प्लेट भरलं म्हणून आकडा मोजण्याजोगा होत नाही.

‘९५ टक्के अचूकतेने सड ओळखणे’ हेच घ्या. आकडा आहे, टक्केवारी आहे, परीक्षकही मान डोलावतात. पण १०० क्रेटपैकी ५ मध्ये सड असेल, तर कधीच न वाजणारं यंत्रसुद्धा ९५ वेळा बरोबर ठरतं! म्हणून दोन आकडे वेगळे हवेत: सड असताना किती वेळा इशारा आला, आणि नसताना किती वेळा उगाच आला. गटाने १० क्रेटमध्ये प्रत्येकी एक सडका कांदा मधोमध ठेवला, १० क्रेट चांगल्या कांद्यांचे ठेवले, आणि लिहिलं: ‘सडीच्या १० पैकी किमान ८ क्रेटमध्ये २४ तासांच्या आत इशारा, चांगल्या १० पैकी जास्तीत जास्त २ मध्ये खोटा इशारा’. हे कोणालाही तपासता येतं. इथे ८५ टक्के लिहिण्यात अर्थ नाही, कारण १० क्रेटमधून ८५ टक्के कधी निघूच शकत नाहीत.

दुसरं उद्दिष्ट आर्द्रतेच्या नोंदीचं. गटांच्या हाती हमखास असतो तो निळा डीएचटी११ सेन्सर. त्याची आर्द्रतेतली चूक कंपनीच्याच माहितीपत्रकानुसार साधारण ५ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे खरी आर्द्रता ७० असेल तर तो ६५ही दाखवू शकतो आणि ७५ही. शिवाय पावसाळ्यातल्या ९०च्या पुढच्या हवेसाठी तो बनवलेलाच नाही. ‘आर्द्रता १ टक्क्याच्या अचूकतेने मोजणे’ हे उद्दिष्ट या सेन्सरवर लिहिणं म्हणजे परीक्षकाच्या हातात काठी देणं. पांढरा डीएचटी२२ बरा; त्यावर ‘७५ टक्के आर्द्रतेला जास्तीत जास्त ३ टक्के फरक’ असं लिहिता येतं. आणि हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एका झाकणात मीठ घेऊन त्यात थोडं पाणी घालायचं, मीठ चिंब ओलं व्हावं पण विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. २५ अंशांच्या आसपास डब्यातली हवा ७५ टक्के आर्द्रतेला येऊन स्थिरावते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर फरक ४, आणि उद्दिष्ट हुकलं. मीठ सेन्सरला लागू द्यायचं नाही, एवढी काळजी पुरे.

तिसरं उद्दिष्ट विजेचं असावं, आणि ते जवळपास कोणीच लिहीत नाही. एमक्यू-१३५ सारख्या वायू सेन्सरच्या आत हीटर असतो. तो साधारण १५० मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-अवर. मळ्यातल्या चाळीत वीज असतेच असं नाही, आणि पॉवर बँकेवर हे ओझं कॉलेजमधल्या डेमोच्या अर्ध्या तासात जाणवतही नाही. ‘एका चार्जवर ७२ तास अखंड नोंद’ असं आधी लिहून ठेवलं, तर बॅटरी किती मोठी लागेल, सेन्सर सतत चालू ठेवायचा की नाही, याचा हिशोब ऑगस्टमध्येच होतो. हा सेन्सर पहिल्यांदा वापरण्याआधी २४ तासांहून जास्त तापवावा लागतो; वेळापत्रकात त्यालाही जागा हवी.

एवढी तीन उद्दिष्टं पुरतात. चौथं-पाचवं फक्त रकाना भरण्यासाठी असेल, तर गाइडशी बोलून ते गाळलेलं बरं.

मार्चमध्ये चाचणी झाली आणि सडीच्या १० पैकी ६च क्रेटमध्ये इशारा आला, असं समजा. बरेच गट इथे उद्दिष्टातला ८ खोडून ६ करतात, किंवा तो आकडाच काढून ‘यशस्वीरीत्या ओळखले’ असं लिहितात. पण सिनॉप्सिसची प्रत विभागात असते, आणि एक्सटर्नल दोन्ही पानं शेजारी ठेवू शकतात. त्यापेक्षा चुकलेले चार क्रेट नीट पाहावेत. एमक्यू-१३५चं रीडिंग हवेतल्या दमटपणावर आणि तापमानावरही हलतं. चारही चाचण्या वेगळ्या हवामानाच्या दिवशी झाल्या असतील, तर कारण तिथे असू शकतं, आणि आर्द्रतेची नोंद गटाकडे आहेच. ती वापरून रीडिंग दुरुस्त करायचं आणि त्याच २० क्रेटवर पुन्हा चाचणी घ्यायची. रिपोर्टमध्ये ‘लक्ष्य ८, पहिली चाचणी ६’ असं लिहून त्याखाली दुसऱ्या चाचणीचा जो येईल तो आकडा टाकायचा.