तीन शेत की तीनशेत?

आज बोलायचं आहे ते दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेबद्दल. आपण लिहिताना ती सोडतो आणि विसरून जातो. पण जगात असं लिखाण पुष्कळ आहे, ज्यात ती जागा सोडतच नाहीत. आपल्याही घरच्या पेटीत असा कागद निघू शकतो.

आपल्या कुही तालुक्यातल्या अडम गावी पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, तेव्हा ब्राह्मी लिपीतला एक मुद्रेचा ठसा सापडला. त्यावरची अक्षरं ‘असकजनपदस’ अशी वाचली गेली. ओळीनं आठ अक्षरं, मध्ये कुठंही जागा नाही. जाणकारांनी ती ‘असक’ आणि ‘जनपदस’ अशी तोडली, म्हणजे ‘असक जनपदाचा’. हा असक देश नेमका कोणता, यावर अजून वाद आहे, पण शब्द कुठं तोडायचा हे आधी ठरल्याशिवाय तो वादसुद्धा सुरू झाला नसता.

हे फार जुनं झालं. आपल्या पणजोबांच्या काळातलं म्हणाल तर मोडी. मराठीतला सरकारी आणि घरगुती व्यवहार कितीतरी पिढ्या मोडी लिपीत चालला, आणि सरकारी कामातून ती साधारण 1950 च्या सुमारास गेली. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायचा. मग त्या रेघेखाली बोरूनं एकापुढे एक अक्षरं टांगत जायचा, होईल तितका हात न उचलता. शब्द संपला म्हणून रेघ तुटत नाही, वाक्य संपलं म्हणून टिंब येत नाही. ओळ संपली की शब्द असेल तिथं तुटतो आणि उरलेलं अक्षर खालच्या ओळीत जातं. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीत पाळत नाहीत. म्हणून मोडी वाचणाऱ्याला दोन कामं करावी लागतात. पहिलं अक्षर ओळखणं, दुसरं शब्द तोडणं. ‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती पहिल्या कामातली. दुसऱ्या कामातली चूक त्याहून लपून राहते, कारण तिथं एकही अक्षर बदललेलं नसतं.

सोपं उदाहरण घेऊ. ‘दोनशेळ्यादिल्या’ असं लिहिलंय. वाचणारा ‘दोन’ वाचतो, पुढं ‘शे’ दिसतं, तो ‘दोनशे’ करून टाकतो. मग हातात उरतं ‘ळ्या’. मराठीत ‘ळ’नं शब्द सुरू होत नाही, म्हणजे आपण एक अक्षर जास्त घेतलं. मागे येऊन ‘दोन शेळ्या दिल्या’ असं वाचलं की बसतं. इथं भाषेनंच चूक पकडून दिली.

आता अवघड. हे वाक्य आम्ही समजवायसाठी रचलेलं आहे, कोणाच्या घरचं नाही: ‘सेवंतीबाईसतीनशेतदिले’.

एक वाचन, ‘सेवंतीबाईस तीन शेत दिले’. बाईला तीन वावरं मिळाली. दुसरं, ‘सेवंतीबाईस तीनशेत दिले’. काहीतरी तीनशे रुपयांत बाईला विकलं. तिसरं कोणी अतिउत्साही वाचेल, ‘सेवंतीबाई सती, न शेत दिले’, म्हणजे शेत दिलंच नाही! अक्षरं तीच, पण एकात वाटणी, एकात विक्री, एकात नकार. याचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर करून कोणी दिलं, तर भाषांतर वाचणाऱ्याला अशी शंकासुद्धा येणार नाही, कारण तिथं शब्द नीट सुटे छापलेले असतात.

तिसरं वाचन लगेच बाद होतं. मराठीत ‘न’ क्रियापदाला चिकटून येतो, ‘शेत न दिले’ असा. पहिल्या दोघांत मात्र व्याकरण फार मदत करत नाही. पुस्तकी मराठीत ‘तीन शेते दिली’ असं हवं, म्हणून कोणी पहिलं वाचन खोडेल. पण आपल्याकडं ‘तीन वावर इकले’ हे सर्रास बोलतात आणि लिहिणारा बोलतो तसंच लिहू शकतो. उलट विक्रीच्या कागदात किंमत बहुधा ‘तीनशे रुपयांस’ अशी ‘स’ लावून येते, म्हणून दुसरं वाचनही जरा डळमळतं.

अशा वेळी निकाल त्या ओळीत नसतो, कागदाच्या बाकी भागात असतो. तीन शेतं दिली असतील तर पुढं त्यांची नावं किंवा चतुःसीमा येणार: पूर्वेला कोणाचं, पश्चिमेला नाला, असं. तीनदा आल्या तर प्रश्न मिटला. विक्री असेल तर काय विकलं ते आधी आलेलं असणार, समजा ‘घर’, आणि रक्कम कुठंतरी आकड्यातही असणार. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर प्रामाणिक वाचणारा ‘इथं दोन अर्थ निघतात’ असं समासात लिहून देतो. तसं लिहिणारा वाचक आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

ज्यांना हे फक्त जुन्या कागदाचं दुखणं वाटतं, त्यांच्यासाठी थाई भाषा. थायलंडमध्ये आजचं वर्तमानपत्र, औषधाची चिठ्ठी, सगळं असंच सलग लिहितात. मोकळी जागा येते ती आपण जिथं स्वल्पविराम किंवा पूर्णविराम देऊ, साधारण तिथं. लिपी आपल्यासारखीच ब्राह्मीच्या कुळातली. तिथलं एक गाजलेलं उदाहरण आहे. पाच चिन्हं ओळीनं येतात: त, आ, क, ल, म. ‘ता’वर तोडलं तर उच्चार ‘ता क्लोम’, अर्थ ‘गोल डोळे’. ‘ताक’वर तोडलं तर ‘ताक लोम’, अर्थ ‘वाऱ्यावर बसणं’. (आपल्या ताकाशी संबंध नाही!) म्हणजे तोडण्यानं नुसता अर्थ नाही, उच्चारही बदलतो.

फोनमधल्या भाषांतरालाही ही तोड जमावी लागते. जुनी साधी रीत अशी, की जवळ शब्दकोश ठेवायचा आणि डावीकडून बसेल तेवढा लांब शब्द उचलायचा. ‘ता’पेक्षा ‘ताक’ लांब, म्हणून तो ‘ताक’ उचलणार. मग गोल डोळ्यांची मुलगी भाषांतरात वाऱ्यावर जाऊन बसते. आपल्या ‘दोनशे ळ्या’ची तीच गत, फक्त तिथं ‘ळ’नं अडवलं. थाईत दोन्ही तुकडे खरे शब्द असल्यानं अडवायला कोणी नाही. पुढच्या रीती आजूबाजूचं वाक्य पाहून ठरवतात, त्यामुळं चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत.

आता घरचा कागद. जातपडताळणीसाठी किंवा वाटणीच्या भांडणात मोडी कागद वाचून घ्यायची वेळ आली, तर वाचणाऱ्याकडून दोन प्रती मागा. एकीत फक्त अक्षरं, मोडीत आहेत तशी सलग, ओळीला ओळ. दुसरीत शब्द तोडून. नुसती दुसरी घेतली तर त्यानं कुठं तोडलं हे पुढं कोणाला तपासता येत नाही. आकडे, नाती आणि नावाला लागलेले ‘स’, ‘ला’, ‘ने’ इथं तोड नीट पाहा, कारण कोणी कोणाला दिलं हे तिथंच ठरतं. मूळ कागदावर पेन्सिलनंही रेघ मारू देऊ नका, फोटो काढून त्यावर खुणा करा. शंका राहिली तर दुसऱ्या वाचकाला तोडलेली नाही, सलग प्रत द्या, म्हणजे तो पहिल्याच्या तोडीवर चालणार नाही. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडी शिकवण्याचे वर्ग घेतं. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला पाठवता आलं तर तिला पहिल्या दिवशी ‘सेवंतीबाईसतीनशेतदिले’ तोडायला द्या.