फ्रीझमधल्या अपवादावर कोणाची सही?

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लोकांच्या हाती देण्याआधी काही आठवडे बदलांचे दार बंद केले जाते. याला कोड फ्रीझ म्हणतात. जितके बदल कमी, तितके नवे बिघाड कमी, आणि उरलेला वेळ जुने दोष शोधायला मिळतो. पण याच काळात एखादा गंभीर दोष सापडतो आणि बंद दारातून एक दुरुस्ती आत घ्यावी लागते. ती कोणी, कशाच्या आधारावर घ्यायची, याची सर्वांत स्वच्छ पद्धत मला डेबियन या प्रकल्पात दिसते. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली, जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली संगणकप्रणाली आहे. तिचा सगळा व्यवहार उघड्यावर चालतो, त्यामुळे कोणालाही तो वाचता येतो.

डेबियनचे दार एकदम बंद होत नाही. १३व्या आवृत्तीच्या वेळी १५ मार्च २०२५ला मोठ्या फेरबदलांना मनाई झाली, १५ एप्रिलला नवी पॅकेजेस घेणे थांबले, १५ मेला कडक फ्रीझ आला आणि २७ जुलैला पूर्ण फ्रीझ. ९ ऑगस्टला आवृत्ती बाहेर पडली. कडक फ्रीझमध्ये कळीची पॅकेजेस, आणि ज्यांच्या स्वयंचलित चाचण्या नाहीत अशीही, माणसाच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाहीत. पूर्ण फ्रीझमध्ये हा नियम सगळ्यांनाच लागू होतो.

मंजुरी मागायची ती तिकीट नोंदवून. त्याचा साचा ठरलेला आहे:

```
[ Reason ]
[ Impact ]
[ Tests ]
[ Risks ]
[ Checklist ]
unblock package/version
```

पहिल्या रकान्यात बदल का हवा ते लिहायचे. दुसरा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. मंजुरी मिळाली नाही तर वापरणाऱ्याचे काय बिघडेल, हे तिथे सांगावे लागते. ‘महत्त्वाची दुरुस्ती’ हे शब्द पहिल्या रकान्यात खपून जातात, पण दुसऱ्यात कोणाचे कोणते काम अडते ते लिहिल्यावाचून सुटका नाही. मग काय तपासले आणि काय बिघडू शकते ते येते. सोबत आधीच्या आवृत्तीशी तुलना करून नेमक्या बदललेल्या ओळी जोडायच्या.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पावत्यांची पीडीएफ बनवणारा एक प्रोग्राम देवनागरी नाव आले की मध्येच बंद पडतो. फ्रीझमध्ये अडकलेली आवृत्ती २.४-१ आहे. मूळ लेखकांनी २.५ काढली आहे, तिच्यात हा दोष गेला आहे, पण सोबत नवा मेनू आहे आणि हजारो ओळी बदलल्या आहेत. पॅकेज सांभाळणाऱ्याला २.५ उचलणे सोपे वाटते, म्हणून तो तिकिटात लिहितो, ‘नवी आवृत्ती, अनेक दोष दुरुस्त.’ अशा तिकिटाला बहुधा नकार येतो, किंवा त्यावर `moreinfo` ही खूण लागून ते परत येते, म्हणजे आधी माहिती द्या. मग तो बसून २.५मधल्या नेमक्या चार ओळी शोधतो, त्या २.४वर चढवतो आणि २.४-२ तयार करतो. नव्या तिकिटात लिहितो: देवनागरी नाव असलेली पावती छापता येत नाही, मंजुरी न मिळाल्यास असे सर्व ग्राहक अडतील, दोष दाखवणारी एक पावती चाचणीत घातली, ती आधी पडत होती, आता पडत नाही, बदल फक्त अक्षररचनेच्या एका फंक्शनमध्ये आहे, बाकीच्या लिपींच्या चाचण्या पूर्वीसारख्याच निघतात.

या तिकिटाने बदलाचा आकारच छाटला गेला. तपासणाऱ्याला चार ओळी वाचायला काही मिनिटे पुरतात. हजारो ओळी फ्रीझमध्ये कोणी नीट वाचत नाही.

आता मंजुरी. ती देतो तो आवृत्ती-चमूतला एक माणूस, आणि तो आपल्या नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहितो:

```
unblock pavati/2.4-2
```

या फाइली चमूतल्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. पॅकेज का पुढे सरकले याच्या नोंदीत ‘फ्रीझची अडवणूक अमुक जणाच्या विनंतीवरून बाजूला ठेवली’ असे नावानिशी छापून येते. पुढे काही बिघडले तर कोणाकडे जाऊन विचारायचे ते सगळ्यांना माहीत असते. त्या ओळीतला आवृत्तीचा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. मंजुरी २.४-२ला आहे. त्यानंतर कोणी ‘अगदी छोटे’ काही घालून २.४-३ चढवली तर जुनी मंजुरी तिला लागू होत नाही आणि पुन्हा विचारावे लागते. पॅकेजवाल्याला ही ओळ स्वतः लिहिता येत नाही.

आपल्याकडच्या कंपन्यांतही मार्चअखेरीला, किंवा परदेशी ग्राहकांच्या नाताळच्या हंगामात, असे फ्रीझ असतात. अपवादाचा अर्जही असतो. पण मंजुरी देणारा म्हणून एखाद्या चमूचे किंवा सामाईक ईमेलचे नाव असले, कारणाच्या जागी ‘ग्राहकाची मागणी’ एवढेच असले, आणि तिकीट आवृत्तीला नव्हे तर ‘या कामाला’ दिलेले असले, तर त्या मंजुरीच्या आडून पुढे काय काय आत जाते याचा माग लागत नाही. अपवादांची यादी उघडून एकाच माणसाच्या नावाची किती तिकिटे आहेत आणि मागणी ते मंजुरी किती वेळ गेला, हे पाहिले तरी रोग कळतो. मंजुरी दोन-तीन मिनिटांत मिळत असेल तर बदललेल्या ओळी कोणी उघडल्या नसाव्यात.

तिकिटाची मर्यादाही आहे, आणि ती २०२४च्या मार्चमध्ये फार जवळून दिसली. `xz` नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात तिच्या एका देखभालकर्त्यानेच, ‘जिया टॅन’ या नावाने, आवृत्ती ५.६.०मध्ये चोरदरवाजा ठेवला होता. डेबियनवर उभ्या असलेल्या उबुंटू प्रणालीत तेव्हा २४.०४ आवृत्तीचा फीचर फ्रीझ लागलेला होता. २८ मार्चला याच नावाने तिथे एक तिकीट आले: ५.६.१ घ्या, ही केवळ दोषदुरुस्तीची आवृत्ती आहे, व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन देत असलेले इशारे यात गेले आहेत. कारण स्पष्ट होते आणि मागणारा नावानिशी होता. केवळ दोषदुरुस्ती असेल तर उबुंटूच्या त्या फ्रीझमध्ये वेगळ्या अपवादाचीही गरज नसते. म्हणजे ‘फक्त दोषदुरुस्ती’ हे लेबलच दार उघडणारे होते. प्रत्यक्षात ते इशारे चोरदरवाजामुळेच येत होते.

कारण हा मागणाऱ्याचा दावा असतो. तो खरा ठरतो किंवा खोटा, ते बदललेल्या ओळींत. ५.६.१मध्ये इशारे घालवण्याच्या दुरुस्तीसोबत चाचणीच्या दोन बायनरी फाइलीही बदलल्या होत्या. त्यांच्यातच खरा मजकूर लपला होता, आणि तो बाहेर काढणारा तुकडा प्रकल्पाच्या सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हता, फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. त्यामुळे फ्रीझमधल्या अशा मागणीला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते: दुरुस्तीच्या वर्णनाशी नाते नसलेल्या फाइली यात का आहेत, आणि वाटपाचा गठ्ठा कोडसाठ्याशी जुळतो का? हे दोन्ही कोरड्या तुलनेने तपासता येते, मागणारा कितीही जुना व विश्वासू असो.

दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हा चोरदरवाजा उघड केला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना तो त्याला सापडला होता. उबुंटूने ती मागणी मान्य केलेली नव्हती. तरीही ५.६.० चाचणीच्या विभागात पोचली होती, म्हणून तो कोड `xz`मध्ये शिरल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बांधायचे ठरले आणि २४.०४ची बीटा आवृत्ती ४ एप्रिलवरून ११ एप्रिलला ढकलावी लागली.