49 रुपयांची बेरीज

एप्रिल 2025चं बँक स्टेटमेंट उघडून हिंजवडीतली एक तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर घरभाड्याची नोंद शोधत होती. मधेच पुन्हा पुन्हा एकच ओळ दिसली: फँटसी क्रिकेट अ‍ॅप, यूपीआय, 49 रुपये. तिने बेरीज केली. 74 वेळा मिळून 3,626 रुपये गेले होते. परत आले होते फक्त 850. तिच्या लक्षात राहिला होता तो एका रात्री जिंकल्याचा मेसेज. बाकीची किरकोळ बक्षिसं अ‍ॅपच्या वॉलेटमध्येच राहून पुढच्या सामन्यांच्या प्रवेश फीत संपली होती. म्हणून 2,776 रुपयांचा तोटा अ‍ॅपवर कधी एकत्र दिसलाच नाही. तिने त्याच रात्री अ‍ॅप काढून टाकलं. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.